सीजीपीए आधी दोन दशांशांपर्यंत राउंड करून क्रमांक लावायचे, की पूर्ण आकड्यावर?

मधुरा_क

नमस्कार मंडळी. आमच्या विभागाच्या अंतिम वर्षाची गुणवत्ता यादी यंदा माझ्याकडे आहे आणि दुसऱ्या क्रमांकावर गाडी अडली आहे.

अभ्यासक्रम एकूण १६० क्रेडिटचा. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट गुणिले त्या विषयाचे क्रेडिट, या सगळ्यांची बेरीज भागिले १६० म्हणजे सीजीपीए. यादीतल्या एका विद्यार्थिनीची बेरीज १३८३ आहे, म्हणजे ८.६४३७५. दुसऱ्या विद्यार्थ्याची १३८२, म्हणजे ८.६३७५. गुणपत्रकावर दोघांचाही सीजीपीए ८.६४ छापलेला आहे. संगणकाने मात्र यादीत तिला दुसरा आणि त्याला तिसरा क्रमांक दिला. त्याने अर्ज केला आहे की दोघांचे आकडे सारखे असताना मी तिसरा कसा?

नियमावलीत एवढंच आहे की 'सीजीपीए दोन दशांश स्थळांपर्यंत दिला जाईल'. क्रमांक कशावर लावायचे याबद्दल चकार शब्द नाही. बरोबरी झाली तर ज्याच्याकडे सर्वोच्च ग्रेडचे क्रेडिट जास्त तो पुढे, असं मात्र लिहिलं आहे. आणि त्या निकषावर तो मुलगा पुढे जातो. म्हणजे राउंड करून क्रमांक लावले तर तो दुसरा, न करता लावले तर ती दुसरी. दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक एकच आहे.

तुमच्याकडे काय करतात? आणि मुळात योग्य काय?

रानवारा

जे छापलंय तेच खरं. मुलांच्या हातात जो आकडा दिला त्यावरच क्रमांक लावा. मागच्या दाराने वेगळाच आकडा वापरायचा असेल तर गुणपत्रक कशाला देता?

लेखनिक

रानवारा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. ८.६४३७५ आणि ८.६३७५ यांतल्या फरकाला काही अर्थच नाही. ग्रेड देताना आपण आधीच गुण ढोबळ केलेले असतात. ज्याला ८० मिळाले आणि ज्याला ८९ मिळाले, दोघांनाही एकच ग्रेड. इतक्या जाड चाळणीतून गेलेल्या आकड्यांची सरासरी काढायची आणि मग तिच्या तिसऱ्या दशांशावर पारितोषिक द्यायचं, हे मला पटत नाही. दोन दशांशच भरपूर झाले. त्यापुढे बरोबरी मानावी.

गणिती

मधुराताई, एक गोष्ट आधी समजून घेतली की बाकीचा वाद सोपा होतो. सगळ्यांचे क्रेडिट १६० असतील तर सीजीपीए वाटेल तो आकडा असू शकत नाही. बेरीज पूर्णांकात असते, त्यामुळे सीजीपीए १/१६० च्या, म्हणजे ०.००६२५ च्या पायऱ्यांनीच चढतो. दोन दशांशांच्या पायऱ्या ०.०१ च्या. लहान पायऱ्या मोठ्या पायऱ्यांवर बसवल्या की कुठे दोन एकत्र येतात, कुठे एकच राहते.

८.६० पासून बघा. १३७६ ला ८.६० मिळतो, तो एकटाच. १३७७ आणि १३७८ दोघांना ८.६१. १३७९ एकटा ८.६२ वर. १३८० आणि १३८१ ला ८.६३. १३८२ आणि १३८३ ला ८.६४. मग १३८४ पुन्हा एकटा, बरोबर ८.६५ वर. हीच नक्षी दर आठ बेरजांनी तशीच्या तशी पुन्हा येते.

लेखनिक, आता तुमचा मुद्दा या यादीवर ठेवून पाहा. एका पॉइंटाचा फरक क्षुल्लक आहे, मान्य. पण राउंड केल्याने तो फरक सगळीकडे पुसला जात नाही. १३८२ आणि १३८३ ला तुम्ही सारखं मानता, आणि १३८१ आणि १३८२ मध्ये नेमका तेवढाच फरक असून एकाला ८.६३ आणि दुसऱ्याला ८.६४ देऊन वर-खाली बसवता. कोणत्या जोडीला बरोबरीचा लाभ मिळतो हे त्या मुलांच्या कामगिरीवर ठरत नाही, बेरीज त्या नक्षीत कुठे पडली त्यावर ठरतं.

लेखनिक

हे तर्काला धरून आहे. मग असं करता येईल का: राउंड करायचंच नाही, पण दोघांतला फरक ०.०१ पेक्षा कमी असेल तर बरोबरी मानायची. मग १३८१-१३८२ आणि १३८२-१३८३ दोन्ही जोड्यांना सारखीच वागणूक मिळेल.

गणिती

जोड्यांना मिळेल, यादीला नाही. १३८१ आणि १३८२ बरोबरीत, १३८२ आणि १३८३ बरोबरीत, पण १३८१ आणि १३८३ मध्ये ०.०१२५ चा फरक, म्हणजे ते बरोबरीत नाहीत. आता या तिघांना क्रमांक द्या बघू. मधल्याला वरच्याबरोबर बसवलं तर खालचा भांडेल, खालच्याबरोबर बसवलं तर मधला भांडेल. तिघांना एकत्र बसवलं तर त्याच न्यायाने चौथाही आत येतो आणि साखळी लांबत जाते.

सायली_८

माझ्या बाबतीत असंच झालं होतं म्हणून लिहिते. माझा सीजीपीए ७.४९६ होता आणि एका ठिकाणी पात्रता ७.५० मागितली होती. गुणपत्रकावर ७.५० छापलेलं असूनही त्यांनी मूळ तक्ता मागवला आणि अर्ज बाद केला. अजून राग येतो. छापलेला आकडा मान्य करायचा नसेल तर तो छापूच नये!

बाराखडी

सायली, तुझा राग रास्त आहे, पण तुझी गोष्ट पात्रतेच्या रेषेची आहे. तिथे एक माणूस आणि एक ठरलेला आकडा एवढाच प्रश्न असतो, आणि रेषा जर दोन दशांशांत लिहिली असेल तर आकडाही दोन दशांशांत घ्यावा हे म्हणणं मला बरोबर वाटतं. इथे दोन माणसांत पुढे कोण हा प्रश्न आहे. पहिल्यात राउंड केल्याने कुणाचं काही हिरावलं जात नाही. दुसऱ्यात एकाला दिलेलं दुसऱ्याकडून जातं.

सायली_८

हिरावलं जात नाही कसं? जागा मोजक्याच होत्या. पण ठीक आहे, धागा भरकटवत नाही.

अवलिया

आमच्याकडे क्रेडिट फक्त ९६ आहेत आणि गेली कित्येक वर्षं दोन दशांशांवर यादी लागते. कधी तक्रार ऐकली नाही. बरोबरी झाली तर ती खरीच बरोबरी असते. मला वाटतं तुम्ही सगळे नसलेला प्रश्न उकरून काढताय.

गणिती

अवलिया, तुमच्याकडे तक्रार नाही कारण तुमच्याकडे तो प्रश्न उद्भवूच शकत नाही! ९६ क्रेडिटवर एक पायरी १/९६, म्हणजे ०.०१०४ ची. ती ०.०१ पेक्षा मोठी आहे, त्यामुळे दोन वेगळ्या बेरजा एकाच दोन-दशांशी आकड्यावर येणं शक्य नाही. एकूण क्रेडिट १०० किंवा त्याहून कमी आणि सगळ्यांचे सारखेच असतील, तर राउंड करा किंवा करू नका, यादी तीच येते. १०० च्या पुढे गेलात की राउंडिंगमुळे नव्या बरोबऱ्या तयार व्हायला लागतात. १६० ला एका आकड्यावर जास्तीत जास्त दोन बेरजा येतात. २०० च्या पुढे गेलं की काही आकड्यांवर तीन यायला लागतात.

म्हणून 'दोन दशांश पुरतात का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी एकूण क्रेडिट विचारायचे.

अवलिया

अच्छा! हे माहीत नव्हतं. मग साधा उपाय, तीन दशांश छापा. काम झालं.

निरंजन_लेले

तीन दशांशांनी सगळ्यांचे क्रेडिट सारखे असतील तेव्हा काम होतं, नाहीतर नाही. आमच्याकडे काही मुलं जास्तीचा एखादा विषय घेतात आणि तो सीजीपीएत धरला जातो. समजा एकाचे १६० क्रेडिट आणि बेरीज १३६१, दुसरीचे १६४ क्रेडिट आणि बेरीज १३९५. पहिल्याचा आकडा ८.५०६२५, दुसरीचा ८.५०६०९ आणि पुढे काहीतरी. तीन दशांशांवर दोघांचा ८.५०६. चौथ्या दशांशावर जाऊन फरक दिसतो.

मी दशांश मोजतच नाही, तिरकस गुणाकार करतो. १३६१ × १६४ = २,२३,२०४ आणि १३९५ × १६० = २,२३,२००. पहिला पुढे. सगळं पूर्णांकात, कुठेही भागाकार नाही, त्यामुळे कुठे कापायचं हा प्रश्नच येत नाही.

रानवारा

आणि हे एखाद्या पालकाला समजावून सांगणार? ८.५०६ आणि ८.५०६, पण तुमचा मुलगा मागे, कारण २,२३,२००? मला तुमचं गणित चुकीचं वाटत नाही. पण यादीवरचा विश्वास यातून येतो की कुणालाही ती स्वतः तपासता यावी. माझ्या हातात गुणपत्रक आहे, तुमच्या हातात गुणपत्रक आहे, दोन्ही शेजारी ठेवली की कळायला हवं.

निरंजन_लेले

मग गुणपत्रकावर एकूण ग्रेड पॉइंटांची बेरीज आणि एकूण क्रेडिट छापा ना! १३८३/१६० आणि १३८२/१६० असं शेजारी दिसलं तर कुठल्याही पालकाला कळेल की कोण पुढे आहे. तपासता न येण्याचं कारण आपण उत्तर छापतो आणि त्यामागचे दोन आकडे छापत नाही, हे आहे.

रानवारा

हे मात्र पटलं. पुढच्या तुकडीसाठी. ज्या मुलांच्या हातात ८.६४ देऊन झालंय त्यांच्यासाठी नाही.

कपिला

मी बरीच वर्षं निकालाचे तक्ते करते, म्हणून प्रत्यक्ष कामातलं एक सांगते. मधुरा, तुझ्या संगणकाने राउंड न करता क्रमांक लावले यामागे कुणाचा निर्णय नसण्याची शक्यता जास्त आहे. एक्सेलमध्ये सेलचं फॉरमॅट दोन दशांशांचं केलं की फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा तोच राहतो. RANK आतला आकडा बघतो. म्हणून पडद्यावर ८.६४ आणि ८.६४, शेजारी २ आणि ३. ROUND लावलं असतं तर दोघांनाही २ आला असता आणि पुढच्याला ४.

आता दुसरी बाजू. पूर्ण आकड्यावर क्रमांक लावताना उलटा घोटाळाही होतो: खरी बरोबरी असलेले दोघे वेगळे पडतात. बेरीज भागिले १६० असं एकदाच केलं असेल तर धोका नाही. पण बऱ्याच तक्त्यांत प्रत्येक सत्राचा एसजीपीए काढतात, त्याला त्या सत्राच्या क्रेडिटने परत गुणतात आणि मग सगळं मिळवून भागतात. या भागाकार-गुणाकारात पंधराव्या-सोळाव्या अंकाला कचरा जमतो. दोघांची खरी बेरीज १३८२ असली तरी एकाचा आकडा केसभर वर राहतो आणि RANK त्याला पुढे टाकतो. दशांश कितीही वाढवून पाहिले तरी पडद्यावर फरक दिसत नाही.

तपासायची युक्ती सोपी आहे. सीजीपीए गुणिले एकूण क्रेडिट करून जवळच्या पूर्णांकाला राउंड करायचं आणि त्या स्तंभावर क्रमांक पुन्हा लावायचे. दोन याद्यांत जिथे फरक दिसेल तिथे कचऱ्यानेच क्रमांक लावले आहेत असं समजायचं.

```
=ROUND(D2*160,0)
```

एक पथ्य: D2 मध्ये न राउंड केलेला सीजीपीए हवा. राउंड केलेल्या एसजीपीएवरून काढलेला असेल तर या युक्तीवर भरवसा ठेवू नका.

बाराखडी

कपिलाताई, शेवटचं वाक्य जरा उलगडाल का? आमच्याकडे गुणपत्रकावर छापलेल्या एसजीपीएवरूनच सीजीपीए काढतात.

कपिला

सत्र २४ क्रेडिटचं आणि बेरीज २०० असेल तर खरा एसजीपीए ८.३३३३... पण छापला जातो ८.३३. तिथे त्या मुलाचं ०.००३३ गेलं. दुसऱ्याची बेरीज २०२ असेल तर ८.४१६६ चा ८.४२ होतो, त्याला तेवढंच वर मिळालं. प्रत्येक सत्रात कुणाचं जातं, कुणाला मिळतं, आणि बहुतेकांचं शेवटी फिटतं. पण एखाद्याचं दर सत्रात जात राहिलं आणि दुसऱ्याला दर सत्रात मिळत राहिलं, तर अंतिम आकड्यात एका पॉइंटाचा फरक नाहीसा होऊ शकतो, एखाद्या वेळी उलटाही होऊ शकतो. त्यानंतर तुम्ही सीजीपीए कितीही दशांशांपर्यंत नेलात तरी गेलेलं परत येत नाही. सत्र २० क्रेडिटचं असेल तर मात्र भीती नाही, कारण एसजीपीए ०.०५ च्या पायऱ्यांनीच जातो आणि दोन दशांशांत पूर्ण बसतो.

निरंजन_लेले

राउंडिंगच्याच बाजूने बोलणाऱ्यांनी हेही पाहावं. १३८०/१६० बरोबर ८.६२५ येतो. हा वर न्यायचा की खाली? एक्सेलचं ROUND ८.६३ देतं. पायथनमध्ये:

```
>>> round(1380/160, 2)
8.62
```

नेमकं अर्ध्यावर आलं की पायथन सम अंकाकडे जातं, एक्सेल वर नेतं. परिणाम बघा. एक्सेलमध्ये १३८० वाला १३८१ च्या बरोबरीला बसतो, पायथनमध्ये १३७९ च्या. तोच मुलगा, तेच ग्रेड, आणि तो वरच्याबरोबर की खालच्याबरोबर हे तक्ता कशात केला त्यावर ठरतं. १६० क्रेडिटवर असे अर्ध्यावरचे आकडे दुर्मीळ नाहीत, दर आठ बेरजांत एक असतो. 'दोन दशांश' एवढं लिहिणारी नियमावली अर्धवट आहे. अर्ध्याचं काय करायचं हेही तिने सांगायला हवं.

अवलिया

म्हणजे राउंड करायचं तरी नियम, न करायचं तरी नियम.

लेखनिक

मी माझ्या मूळ मुद्द्यावर परत येतो, कारण तो हिशेबाच्या बारकाव्यांत मागे पडला. एका पॉइंटाने पुढे असणं म्हणजे काय? चार क्रेडिटच्या एका विषयात एक ग्रेड वर आणि तीन क्रेडिटच्या दुसऱ्या विषयात एक ग्रेड खाली. त्या मुलीने जे जास्त मिळवलं ते इतकंच असू शकतं. यावर कुणी कुणापेक्षा सरस आहे असं मी म्हणणार नाही. गणिती, राउंडिंग हे बरोबरी ठरवण्याचं चांगलं साधन नाही हे मी मानतो. पण पूर्ण आकडा सरसपणा मोजतो हेही मानत नाही. माझ्या मते दोघांना दुसरा क्रमांक द्यावा, पारितोषिक विभागून द्यावं.

गणिती

विभागून देणार असाल तर माझा विरोध बराच मावळेल. माझा आक्षेप मधुराताईंच्या नियमातल्या पुढच्या पायरीला आहे. राउंड केल्याने नुसती बरोबरी होऊन थांबत नाही, निर्णय पुढच्या निकषाच्या हातात जातो. सर्वोच्च ग्रेडचे क्रेडिट कुणाचे जास्त हे बघितलं की तो मुलगा पुढे. म्हणजे ज्याची एकूण बेरीज कमी आहे तो शेवटी वर. 'बरोबरी मानू' म्हणत सुरुवात केली आणि क्रम उलटा करून थांबलो. एका पॉइंटाला अर्थ नाही म्हणून तो फेकला, मग सर्वोच्च ग्रेडच्या मोजणीला इतका अर्थ कुठून आला? ते सगळे ग्रेड त्या बेरजेत आधीच धरलेले आहेत.

बरोबरी सोडवण्याचा निकष खऱ्या बरोबरीसाठी ठेवावा. ती पूर्ण आकड्यावरही होतेच. शंभरेक मुलं आणि बेरजा काहीशे, त्यात दोघांची बेरीज तंतोतंत सारखी येणं नवलाचं नाही, विशेषतः यादीच्या मधल्या भागात जिथे गर्दी असते.

रानवारा

पण नियमात 'सीजीपीए दोन दशांश स्थळांपर्यंत दिला जाईल' असं आहे. दिला जाईल म्हणजे तोच सीजीपीए. त्याच्या मागे दुसरा कुठला सीजीपीए नियमाला माहीतच नाही. मुलगा उद्या वर दाद मागायला गेला तर तुमच्या १/१६० च्या पायऱ्या कुणी ऐकणार नाही.

बाराखडी

मी उलट वाचते. 'दिला जाईल' हे गुणपत्रकाबद्दल आहे. सीजीपीएची व्याख्या बेरीज भागिले क्रेडिट अशी दुसऱ्या कलमात असणार, आणि तिथे राउंड करायचं लिहिलेलं नसेल तर क्रमांकाला ती व्याख्या लागू. मधुरा, ते कलम बघितलंस का?

मधुरा_क

बघितलं. व्याख्या नुसती भागाकाराची आहे, राउंडिंगचा उल्लेख तिथे नाही. म्हणून बाराखडी म्हणतात तसं वाचता येतं, पण रानवारा म्हणतात तसंही वाचता येतं, आणि समितीतही नेमके असेच दोन तट पडले आहेत.

कपिलाताई, तुमची युक्ती पूर्ण यादीवर लावली. आमचा सीजीपीए राउंड न केलेल्या एसजीपीएवरून येतो, त्यामुळे ती चालली. वरच्या दहांत काही बदललं नाही. खाली मात्र एक जोडी सापडली जिची बेरीज तंतोतंत सारखी आहे आणि तक्त्याने त्यांना वेगवेगळे क्रमांक दिले होते. ते आता एकाच क्रमांकावर घेतले आहेत. त्यांच्यापैकी कुणीच तक्रार केली नव्हती.

समितीपुढे मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवणार आहे. पुढच्या तुकडीसाठी: क्रमांक बेरजेवर लागतील, क्रेडिट वेगळे असतील तर तिरकस गुणाकाराने, आणि गुणपत्रकावर बेरीज व क्रेडिट दोन्ही छापायचे. याला विरोध होईल असं वाटत नाही. यंदासाठी: माझं मत तिला दुसरा क्रमांक द्यावा असं आहे, कारण त्याच्यापेक्षा तिची बेरीज जास्त आहे आणि ती खाली जावी असं नियमात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. लेखनिक यांचा विभागून देण्याचा पर्यायही मांडेन.

रानवारा

यंदासाठी माझं मत विभागून देण्याचंच. मुलाच्या अर्जाला उत्तर देताना त्याला दोघांच्या बेरजा लेखी दाखवा, नुसतं 'संगणकीय क्रमवारीनुसार' असं लिहू नका.

कपिला

आणि ठराव लिहिताना 'पूर्ण अचूकतेने' असे शब्द वापरू नका. पुढचा माणूस त्याचा अर्थ एक्सेलमध्ये दिसतील तितके दशांश असा घेईल. सरळ 'ग्रेड पॉइंटांच्या एकूण बेरजेवर' असं लिहा.

निरंजन_लेले

श्रेणीसुधार परीक्षा दिलेल्यांच्या बेरजेत जुना ग्रेड धरता की नवा, हेही त्याच ठरावात घ्या. आमच्याकडे पुढचं भांडण तिथेच झालं.

मधुरा_क

नवा धरतो, पण क्रमांकासाठी त्यांना पात्र मानायचं की नाही यावर आमच्याकडे काहीच लिहिलेलं नाही. सोमवारच्या बैठकीत हाही विषय घेते.